मुदत संपलेल्यांची मोजदाद

वर्ष संपत आलं की क्लबच्या कार्यकारिणीत एक प्रश्न हमखास निघतो. अध्यक्ष विचारतात, "आपले सभासद किती?" चिटणीस रजिस्टर उघडून सांगतात ३१२. खजिनदार पावतीपुस्तकं चाळून म्हणतात १९६. तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणारा एखादा तरुण सभासद मोबाईल वर करून दाखवतो, तिथे २४३ जण आहेत. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. ३१२ हा रजिस्टरमध्ये दिलेला शेवटचा सभासद क्रमांक आहे. त्यात बदली होऊन नागपूरला गेलेले आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळणं सोडलेले आहेत आणि दिवंगतही आहेत. १९६ या वर्षभरात फाडलेल्या वर्गणीच्या पावत्या. आणि ग्रुपमधून आपणहून बाहेर पडणं आपल्याकडे भांडणाचं लक्षण समजलं जात असल्यामुळे २४३ हा आकडा फक्त वाढतो.

वर्गणीवर चालणाऱ्या कुठल्याही मंडळाची ही अवस्था असते. बॅडमिंटन क्लब असो, वाचनालय असो की ज्येष्ठ नागरिक संघ. या लेखापुरता आपण एक बॅडमिंटन क्लब डोळ्यांसमोर ठेवू. कॉलनीतला हॉल, तीन कोर्ट, वार्षिक वर्गणी ३,६०० रुपये, सकाळची आणि संध्याकाळची बॅच, पगारी माणूस एकच आणि बाकी सगळं काम हौसेचं. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. गोंधळ मात्र ओळखीचा वाटेल.

या गोंधळाचं मूळ असं की आपण सभासदांची यादी ठेवतो आणि मुदतींची नोंद ठेवत नाही. रजिस्टरमध्ये माणसाच्या नावापुढे 'मुदत' असा एक रकाना असतो. वर्गणी भरली की जुनी तारीख खोडून नवी लिहायची, संगणकावर असेल तर जुनीवर नवी टंकायची. त्या क्षणी जुनी तारीख नाहीशी होते आणि तिच्याबरोबर हा माणूस गेल्या वर्षी वेळेवर आला होता की चार महिने गायब होता, ही माहितीही जाते. पुढे 'यंदा किती सभासद गळाले' हा प्रश्न आला की उत्तर द्यायला काही उरलेलंच नसतं.

जुन्या वाचनालयांत एक युक्ती होती. सभासदाचं कार्ड नावाच्या अनुक्रमाने न लावता मुदत संपण्याच्या महिन्यानुसार बारा खणांत लावायचं. जून उजाडला की जूनचा खण बाहेर काढायचा. त्यातली कार्डं म्हणजेच त्या महिन्याची स्मरणयादी. वर्गणी आली की कार्ड पुढच्या वर्षीच्या जूनसाठी तिथेच मागे जायचं. महिना संपल्यावर खणात पुढे उरलेली कार्डं म्हणजे न आलेले सभासद. यादी करायला वेगळे कष्ट नाहीत, कारण कार्डाची जागाच सगळं सांगत असे. संगणकावरच्या तक्त्यातही आपल्याला हेच साधायचं आहे, फक्त जुन्या मुदतींचा इतिहास न गमावता.

त्यासाठी दोन पानं लागतात. पहिलं पान 'सभासद': क्रमांक, नाव, मोबाईल, प्रकार (वार्षिक की आजीव). माणसामागे एक ओळ. दुसरं पान 'पावत्या': पावती क्रमांक, सभासद क्रमांक, पैसे भरल्याची तारीख, रक्कम, आणि सगळ्यांत महत्त्वाचे दोन रकाने, 'पासून' आणि 'पर्यंत'. इथे प्रत्येक पावतीला एक ओळ. या दुसऱ्या पानावरची ओळ कधी खोडायची नाही, कधी बदलायची नाही, फक्त खाली नवी ओळ वाढवायची. सभासदाची आजची मुदत पहिल्या पानावर हाताने लिहायचीच नाही. ती त्याच्या सगळ्या पावत्यांमधली सर्वांत पुढची 'पर्यंत' तारीख असते आणि तक्ता ती स्वतः शोधतो:

```
=MAXIFS('पावत्या'!F:F,'पावत्या'!B:B,A2)
```

यात `B` हा पावत्यांच्या पानावरचा सभासद क्रमांकाचा रकाना, `F` हा 'पर्यंत'चा, आणि `A2` म्हणजे ज्याची मुदत हवी आहे त्या सभासदाचा क्रमांक. एक्सेलची २०१९ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल किंवा गूगल शीट्स असेल तर हे चालतं. शोध नावावरून न घेता क्रमांकावरून घ्यायचा हे मुद्दाम सांगतो. कॉलनीत दोन सुनील जोशी निघतातच, शिवाय एकच कुलकर्णी तीन पावत्यांवर तीन प्रकारे लिहिलेले असतात.

आता 'पासून' आणि 'पर्यंत' या तारखा ठरवायच्या कशा? क्लबांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

एका सभासदाची मुदत ३१ मे रोजी संपली. ते १९ जूनला वर्गणी घेऊन आले. ऑफिसातल्या माणसाने पावती फाडली आणि १९ जूनपासून पुढच्या वर्षीच्या १८ जूनपर्यंत अशी मुदत लिहिली. दिसायला रीतसर. पण १ ते १८ जून हे गृहस्थ रोज सकाळी खेळतच होते. तेवढे दिवस फुकट गेले. पुढच्या वर्षी ते पुन्हा वीसेक दिवस उशिरा येतात, मुदत पुन्हा पुढे सरकते. पाच वर्षांत तीन महिन्यांहून जास्त खेळ बिनवर्गणीचा होतो, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. याची उलट बाजू अधिक वाईट. दुसरे एक सभासद शिस्तीचे, १० मे रोजीच वर्गणी भरून मोकळे झाले. त्यांनाही भरल्या तारखेपासूनच मुदत दिली तर त्यांचे शिल्लक असलेले २१ दिवस गेले. उशिरा येणाऱ्याला बक्षीस आणि लवकर येणाऱ्याला दंड, असा हा हिशेब होतो. लोक बोलत नाहीत, पण एकदा लक्षात आलं की पुढच्या वर्षापासून तेही शेवटच्या दिवसाची वाट बघायला लागतात.

म्हणून नियम असा ठेवायचा: जुनी मुदत संपण्याआधी किंवा सवलतीच्या काळात पैसे आले, तर नवी मुदत जुनीच्या दुसऱ्या दिवसापासून. सवलतीचा काळही उलटून गेला असेल तर माणूस नव्याने येतोय असं धरायचं आणि मुदत भरल्या तारखेपासून द्यायची. वरच्या दोघांनाही या नियमाने १ जून ते ३१ मे अशीच मुदत मिळते. सवलतीचा काळ किती असावा, हे संस्थेने ठरवायचं. आपण तीन महिने धरू. तीनच का, ते पुढे येईल.

शेवटची तारीख काढताना ३६५ दिवस मिळवण्याचा मोह टाळावा, लीप वर्षात एक दिवस सटकतो. तक्त्यात महिने मोजणारं सूत्र आहे. 'पासून' ही तारीख `E2` मध्ये असेल तर:

```
=EDATE(E2,12)-1
```

१ जून २०२४ दिलं की ३१ मे २०२५ मिळतं. एक दिवस वजा करायला विसरलात तर मुदत १ जूनला संपते आणि पुढची २ जूनपासून सुरू होते. दरवर्षी असा एकेक दिवस सरकत राहतो आणि दहा वर्षांनी कुणालाच कळत नाही की ही अकरा तारीख कुठून आली.

तारखांचा आणखी एक छुपा रोग आहे आणि तो ओळखायला शिकलंच पाहिजे. आपण ३ एप्रिल २०२५ ही तारीख 03/04/2025 अशी टंकतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल तर तो महिना आधी वाचतो आणि निमूटपणे ४ मार्च अशी नोंद करतो. 25/04/2025 टंकलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते तारीख म्हणून स्वीकारतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा उलटतात आणि उरलेल्या मुक्या होतात. रकाना वरवर पाहणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही काही मांडणी केलेली नसेल तर खऱ्या तारखा खान्याच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की दुखणं आहे असं समजावं. उपाय दोन: प्रदेश 'भारत' करून घ्यायचा आणि तारीख दाखवताना महिन्याचं नाव अक्षरात येईल अशी मांडणी ठेवायची. '04-Mar-2025' असं समोर आलं की पावती फाडणाऱ्यालाच चूक दिसते.

मुक्या तारखांचा परिणाम मात्र गमतीचा असतो. वरचं मुदत शोधणारं सूत्र मजकुराकडे दुर्लक्ष करतं, त्याला त्या सभासदाची एकही तारीख सापडत नाही आणि ते शून्य देतं. एक्सेलच्या लेखी शून्य म्हणजे १९०० सालच्या जानेवारीतली 'शून्य' तारीख. एकदा अशी यादी छापून फलकावर लावली होती, त्यात वीसेक सभासदांची मुदत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपलेली होती. एका आजोबांनी ती वाचून विचारलं, "तेव्हा क्लबची वर्गणी किती होती हो?" थट्टा सोडली तरी ही उपयोगी खूण आहे. मुदतीच्या रकान्यात १९०० दिसलं की एक तर तारीख चुकीची टंकली गेली आहे, नाही तर त्या सभासदाची पावतीच चढवलेली नाही. आजीव सभासदांच्या पावतीला 'पर्यंत' नसतं, त्यामुळे त्यांच्याही पुढे हेच दिसेल. म्हणून 'प्रकार' हा रकाना हवा. आजीवांना ३१ डिसेंबर २०९९ अशी खोटी मुदत देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ती पटत नाही, कारण मग ते दिवंगत झाल्यावरही 'चालू' राहतात.

आता स्थिती. पहिल्या पानावर एका कोपऱ्यात, समजा `J1` मध्ये, एक तारीख लिहून ठेवायची आणि तिला 'मोजणीची तारीख' म्हणायचं. प्रत्येक सभासदाची स्थिती या तारखेशी ताडून ठरते:

```
=IF(D2="आजीव","आजीव",
 IF(E2>=$J$1,"चालू",
 IF(EDATE(E2,3)>=$J$1,"थकीत","खंडित")))
```

`D2` म्हणजे प्रकार, `E2` म्हणजे शोधून काढलेली मुदत. मुदत मोजणीच्या तारखेपर्यंत किंवा पुढे असेल तर चालू, संपून तीन महिने झाले नसतील तर थकीत, त्याहून जुनी असेल तर खंडित. रोजच्या कामासाठी `J1` मध्ये `=TODAY()` ठेवलं की फाईल उघडताच आजची स्थिती दिसते. पण वार्षिक अहवालासाठी तिथे पक्की तारीखच टंकावी. नाही तर अहवालात छापलेला आकडा आणि सभेच्या दिवशी पडद्यावर दिसणारा आकडा जुळत नाही. आणि सर्वसाधारण सभेत हिशेब तपासायलाच येणारे एक-दोन सभासद असतातच. ते तो फरक सोडत नाहीत.

मागच्या तारखेची मोजणी करायची असेल, म्हणजे जुलैत बसून ३१ मार्चची स्थिती काढायची असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एप्रिल ते जुलैमध्ये आलेल्या पावत्या तोपर्यंत पानावर चढलेल्या असतात, त्यामुळे ३१ मार्चला थकीत असलेला माणूस आता चालू दिसतो. त्यासाठी मुदत शोधताना त्या तारखेपर्यंत भरलेल्याच पावत्या पाहा, अशी अट जोडायची:

```
=MAXIFS('पावत्या'!F:F,'पावत्या'!B:B,A2,'पावत्या'!C:C,"<="&$J$1)
```

`C` म्हणजे पैसे भरल्याची तारीख. पावत्यांच्या पानावरची ओळ खोडायची नाही हा हट्ट इथे फळाला येतो. कुठल्याही तारखेला क्लब कसा होता, ते पुन्हा उभं करता येतं.

मग स्मरणयादी. पुढच्या तीस दिवसांत ज्यांची मुदत संपते त्यांची नावं वेगळ्या पानावर आपोआप यावीत, यासाठी एक ओळ पुरते. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये ती चालते:

```
=FILTER('सभासद'!A2:E400,('सभासद'!E2:E400>='सभासद'!J1)*('सभासद'!E2:E400<='सभासद'!J1+30))
```

यादी निघणं सोपं आहे, ती वापरणं अवघड. बहुतेक क्लब ग्रुपवर एक संदेश टाकतात: 'ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी कृपया लवकर भरावी.' हा संदेश सगळे वाचतात आणि तो दुसऱ्यासाठी आहे असं प्रत्येकाला वाटतं. ज्याची बाकी आहे त्यालाच, त्याची तारीख आणि रक्कम घालून, वैयक्तिक संदेश जायला हवा: 'काका, आपली मुदत ३१ मेला संपतेय. वर्गणी ३,६००. संध्याकाळच्या बॅचला ऑफिस उघडं असतं.' एक महिना आधी एकदा, आठवडा राहिला की एकदा आणि संपल्यावर आठवड्याने एकदा, एवढं पुरे. त्यानंतरही न आलेल्यांना फोन. थकबाकीदारांची नावं फलकावर लावणं मात्र टाळावं. त्याने वसुली होते की नाही ठाऊक नाही, वैर नक्की होतं.

याच यादीमुळे सर्वांत मोठा अपमानही होतो. पैसे भरलेल्या माणसाला 'आपली वर्गणी आलेली नाही' असा संदेश जाणं. पूर्वी रोखीने पैसे यायचे, हातोहात पावती फाडली जायची. आता सभासद घरूनच यूपीआयने पाठवतो आणि बँकेच्या उताऱ्यात नाव दिसतं ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं किंवा सुनेचं. वडिलांची वर्गणी मुलाच्या खात्यातून आली, खजिनदाराला ते नाव ओळखू आलं नाही, रक्कम 'अज्ञात जमा' म्हणून पडून राहिली आणि इकडे वडिलांना तिसरी आठवण गेली. गृहस्थ चिडून क्लबच सोडतात आणि मग खरोखरच खंडित होतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. पैसे पाठवताना टिपणीत सभासद क्रमांक घालायला सांगायचं. पावतीच्या ओळीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहायचा. आणि स्मरणसंदेश पाठवण्याच्या दिवशी, पाठवण्याआधी, बँकेचा उतारा उघडून ३,६०० ची प्रत्येक जमा कुणाची ते लावायचं. एकही अज्ञात जमा शिल्लक असेल तर त्या दिवशी संदेश पाठवायचेच नाहीत. 'शेवटची आठवण' असा एक रकाना ठेवून त्यात तारीख टाकत गेलं, तर दोन पदाधिकारी एकाच माणसाला एकाच दिवशी फोन करत नाहीत.

यानंतर येते गळती. आपल्या क्लबाचे आकडे घेऊ. १ एप्रिल २०२४ रोजी चालू वार्षिक सभासद १८०. वर्षभरात नवे आले ६४. ३१ मार्च २०२५ रोजी चालू १९६. अहवालात लिहिलं जातं, 'सभासदसंख्येत १६ ची समाधानकारक वाढ.' टाळ्या पडतात.

पण १८० मध्ये ६४ मिळवले तर २४४ व्हायला हवे होते. आहेत १९६. म्हणजे ४८ जण गेले, जवळजवळ चारामागे एक. आत येणारी माणसं भरपूर असली की बाहेर जाणारी दिसत नाहीत. नळ मोठा सोडलेला असताना पिंपाची गळती कळत नाही तसं. ज्या वर्षी शेजारी नवी सोसायटी होणार नाही आणि नवे सभासद वीसच येतील, त्या वर्षी तोच क्लब एकदम खचल्यासारखा दिसेल, गळती मात्र तेवढीच असेल.

हा ४८ चा आकडाही जसाच्या तसा खरा नाही. गेलेल्यांच्या आणि नव्यांच्या याद्या शेजारी ठेवून मोबाईल क्रमांक ताडून पाहिले, तर समजा ९ क्रमांक दोन्हीकडे निघाले. हे लोक मुदत संपल्यावर चार-पाच महिने आले नाहीत, दिवाळीनंतर परतले आणि ऑफिसने त्यांना नवा अर्ज भरायला लावून नवा सभासद क्रमांक दिला. त्यामुळे एकच माणूस गळतीतही मोजला गेला आणि भरतीतही. खरा हिशेब असा: गेले ३९, टिकले १४१, नवे ५५, एकूण १९६. बेरीज तीच राहिली, पण नूतनीकरणाचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ७८ वर आलं. परतलेल्या माणसाला त्याचा जुनाच क्रमांक द्यायचा, हा नियम या नऊ जणांमुळे करावा लागतो. मुदत भरल्या तारखेपासून नवी दिली तरी क्रमांक जुनाच, म्हणजे मधली फट पावत्यांच्या पानावर तशीच दिसत राहते.

उरलेल्या ३९ जणांकडे थोडं जवळून पाहावं. ते किती वर्षं सभासद होते? प्रत्येकाची पहिली पावती पावत्यांच्या पानावर आहेच. समजा १८० पैकी ६० जण आदल्याच वर्षी आलेले होते आणि १२० त्याहून जुने. गेलेल्यांपैकी २५ या नव्या साठांमधले निघाले आणि १४ जुन्यांमधले. म्हणजे पहिल्या वर्षानंतर शंभरातले ४२ जातात आणि जुन्यांतले जेमतेम १२. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांमध्ये हा उतार बहुधा असाच असतो. नवा माणूस एक वर्ष बघतो आणि ठरवतो. जो दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो तो सहसा टिकतो. आता वर्गणी कमी करावी, स्पर्धा भरवावी की कँटीन सुधारावं, ही चर्चा सगळ्या १८० जणांसाठी करण्यात अर्थ राहत नाही. प्रश्न त्या साठांचा आहे. त्यांच्यापैकी किती जणांना संध्याकाळी जोडीदार मिळत नव्हता आणि किती जण जुन्यांच्या ठरलेल्या चौकड्यांबाहेर बाकावर बसून घरी जात होते, ते फोन करूनच कळेल. तसा फोन केल्यावर मिळालेलं कारण एका रकान्यात मोजक्या शब्दांत लिहावं: 'बदली', 'दुखापत', 'वेळ जमत नाही', 'खेळायला मिळत नाही'. पहिल्या दोन कारणांवर क्लबाचा इलाज नाही. शेवटच्यावर आहे.

गळतीचा आकडा सांगताना एक भेद पाळायला हवा, तो बरेच अहवाल पाळत नाहीत. 'आज खंडित किती' आणि 'या वर्षात किती खंडित झाले' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरात पंधरा वर्षांपूर्वी गेलेलेही येतात आणि तो आकडा वर्षागणिक फुगतच जातो. ३१२ मधून १९६ वजा करून '११६ सभासद खंडित' असं जाहीर करणं म्हणजे कार्यकारिणीवर नाहक आळ घेणं. ज्यांची मुदत या वर्षात संपली त्यांच्यापैकी किती जण सवलतीच्या काळातही आले नाहीत, तो आकडा सांगायचा. त्यामुळेच ३१ मार्चचा पक्का आकडा जूनअखेरीआधी देता येत नाही. मार्चमध्ये मुदत संपलेल्या माणसाला अजून तीन महिने आहेत, तोवर तो थकीत आहे, खंडित नाही.

आता त्या तीन महिन्यांविषयी. महाराष्ट्रातले असे बहुतेक क्लब १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असतात. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सभासद म्हणजे कोण हे सांगतं आणि त्यातच ही अट घालतं, की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त काळ थकली आहे त्याला मतही देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणून सवलतीचा काळ तीन महिने ठेवला की आपली 'थकीत' आणि 'खंडित' यांच्यातली रेघ कायद्याच्या रेघेवरच येते. अर्थात आधी आपल्या संस्थेची घटना वाचावी. मुदत संपताच सभासदत्व आपोआप संपतं असं तिच्यात लिहिलं असेल तर थकबाकीचा प्रश्नच उरत नाही. नूतनीकरण होईपर्यंत सभासदत्व चालू राहतं असं असेल तर हे तीन महिने लागू पडतात. पुष्कळ संस्थांच्या घटनेत यावर एक अक्षर नसतं आणि ते निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात लक्षात येतं.

याचा प्रत्यक्ष परिणाम कसा होतो, पाहा. आपल्या क्लबात सगळ्यांची वर्गणी एकाच दिवशी देय नसते, ज्याची त्याची मुदत वेगळी असते. वार्षिक सभा २० जुलैला ठेवली. ज्यांची मुदत १९ एप्रिलला किंवा त्याआधी संपली आणि अजून भरणा नाही, त्यांचे तीन महिने उलटून गेलेले आहेत. ज्यांची २५ एप्रिलला संपली ते अजून रेघेच्या आत आहेत. सभा महिनाभर अलीकडे घेतली तर मतदारांची यादी बदलते. चुरशीच्या निवडणुकीत हे पुरतं ठाऊक असणारी माणसं असतात, हे वेगळं सांगायला नको. गणसंख्येचंही तसंच. एकूण सभासदांच्या अमुक हिश्श्याची हजेरी हवी असं घटनेत असेल, तर तो हिस्सा ३१२ चा काढायचा की नियमात बसणाऱ्यांचा, यावर सभा तहकूब होते की चालू राहते ते ठरतं.

म्हणून सभेची सूचना निघण्याच्या दिवशी 'मोजणीची तारीख' या खान्यात सभेचीच तारीख टाकून यादी काढावी. थकीत असलेल्या, पण सभेच्या दिवसापर्यंत खंडित होणाऱ्या सभासदांना तेव्हाच वेगळा संदेश पाठवावा, की अमुक तारखेच्या आत भरणा झाला नाही तर मतदार यादीत नाव राहणार नाही. सभेच्या सकाळी यादी पुन्हा काढावी, आजीव आणि वार्षिक वेगळे मोजावेत, छापलेल्या प्रतीवर चिटणीस आणि खजिनदार दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ती प्रत इतिवृत्ताला जोडून ठेवावी. तक्त्यातले आकडे उद्या बदलणारच आहेत. कुणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हरकत घेतली तर दाखवायला ही सही केलेली प्रतच लागते.